घड्याळाचे सिग्नल : एका दिवसातले चार निर्णय आणि इंडिकेटरची फसगत

इंट्राडे ट्रेडिंग करणाऱ्या अनेकांची पद्धत साधारण अशी असते. पाच मिनिटांच्या कँडल, १४ कँडलचा आरएसआय, २० कँडलचे बोलिंजर बँड, गेल्या २० कँडलच्या सरासरीशी ताडून पाहिलेला व्हॉल्यूम आणि १४ कँडलचा एटीआर धरून लावलेला स्टॉप लॉस. यातलं काहीच चूक नाही. प्रत्येक साधन आपापलं गणित बरोबर करतं. पण दिवसातली कोणती वेळ आहे, हे यांपैकी एकालाही ठाऊक नसतं. मागच्या तासाशी आत्ताच्या पाच मिनिटांची तुलना करताना तो मागचा तास एका वेगळ्याच बाजारातला असू शकतो, हे त्यांच्या सूत्रात कुठेच येत नाही.

त्याचा परिणाम काय होतो, हे एका दिवसाच्या हिशेबातून पाहू. समभाग काल्पनिक आहे आणि आकडे गणित सोपं व्हावं म्हणून बेतलेले आहेत. त्यांची एकमेकांशी असलेली प्रमाणं मात्र कुठल्याही चांगली उलाढाल असलेल्या समभागात भेटतील अशीच ठेवली आहेत. सत्र ३७५ मिनिटांचं, म्हणजे ७५ कँडलचं. आदल्या दिवशीचा बंद भाव ५००. नियम दोनच. आरएसआय ७० च्या वर गेला की विक्री. आणि कँडल बोलिंजर बँडच्या बाहेर बंद झाली, शिवाय तिचा व्हॉल्यूम गेल्या २० कँडलच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त असला, तर ब्रेकआउटच्या दिशेने व्यवहार. स्टॉप एटीआरच्या दीडपट अंतरावर. प्रत्येक व्यवहारात तोट्याची मर्यादा सारखीच, ९०० एवढी रक्कम. किती समभाग घ्यायचे ते या ९०० ला स्टॉपच्या अंतराने भागून ठरतं.

पहिली कँडल

भाव ५०६ ला उघडला. पाच मिनिटांत ५०४.५ ते ५०७.५ फिरला आणि पुन्हा ५०६ वरच बंद झाला. म्हणजे बाजार सुरू असताना निव्वळ हालचाल शून्य. तरी पडद्यावर आरएसआय ५० वरून थेट ७२ वर गेलेला दिसतो आणि पद्धत सांगते : विका.

हे आकड्यांत असं घडतं. काल बंद होताना सरासरी वाढ ०.३० आणि सरासरी घट ०.३० होती, म्हणून आरएसआय ५०. आरएसआयचं सूत्र या कँडलच्या बंद भावातून मागच्या कँडलचा बंद भाव वजा करतं. मागची कँडल कालची शेवटची. त्यामुळे रात्रभरात पडलेली सहा अंकांची गॅप पाच मिनिटांत झालेली वाढ म्हणून नोंदली जाते. नवी सरासरी वाढ (१३ × ०.३० + ६) ÷ १४, म्हणजे ०.७१. सरासरी घट नुसतीच १४ व्या हिश्शाने उतरून ०.२८. आरएसआय ७१.७.

पण ही सहा अंकांची वाढ खरेदीदारांनी पाच मिनिटांत धापा टाकत खेचून आणलेली नाही. सत्र बंद असताना बातमी आली, उघडण्याच्या वेळी साठलेल्या ऑर्डरी एकमेकांना भेटल्या आणि भाव एका झटक्यात नव्या जागी बसला. भाव फार ताणला गेला आहे, आता तो थकेल, असा 'ओव्हरबॉट'चा अर्थ घ्यायला त्यात जागाच नाही. विक्री ५०६ वर झाली. एटीआर १.० वरून १.४६ झाला होता, कारण त्याच्या सूत्रातही कालच्या बंद भावापासूनचं अंतर धरलं जातं आणि या कँडलची खरी रेंज ३ असताना हिशेबात ७.५ आली. दीडपट अंतर २.२, म्हणून स्टॉप ५०८.२ ला. सहाव्या कँडलमध्ये भाव ५०८.५ झाला आणि स्टॉप उडाला.

या प्रकारातली जास्त त्रासदायक गोष्ट मात्र पुढे आहे. आरएसआयची सरासरी वाइल्डर पद्धतीची असते. तिच्यात जुना आकडा खिडकीतून एकदम बाहेर पडत नाही, दर कँडलला तेरा चौदांश उरत जातो. गॅपचा वाटा ६ ÷ १४, म्हणजे ०.४३ पासून सुरू होतो. सव्वानऊ कँडलनंतर तो निम्मा होतो आणि एकोणीस कँडलनंतर, म्हणजे दीड तास उलटल्यावरही, त्यातले ०.१० शिल्लक असतात. त्या वेळी बाजार वर आणि खाली सारखाच, सरासरी ०.१५ ने हलत असेल, तर आरएसआय ५० दिसायला हवा. तो दिसतो ६३ च्या आसपास. सकाळभर 'तेजीचा जोर कायम आहे' असं वाटत राहतं. तो जोर उघडतानाच्या एका क्षणाचा असतो.

एकविसावी कँडल, जिथे सिग्नल आलाच नाही

खोट्या सिग्नलवर सगळे बोलतात, कारण त्याचा तोटा खात्यात दिसतो. न आलेल्या सिग्नलची नोंद कुठेच होत नाही. माझ्या मते या दिवसातली सर्वांत शिकण्यासारखी जागा हीच आहे.

बाजार उघडून १०० मिनिटं झाली होती. भाव ५०७ च्या आसपास रेंगाळत होता. एकविसाव्या कँडलमध्ये तो ५०७.२ वरून ५०८.९ वर गेला, म्हणजे १.७ अंकांची चाल. या समभागात या वेळची कँडल एरवी ०.८ ची असते. व्हॉल्यूम ३४ हजार. फिल्टरने मागच्या २० कँडलची सरासरी काढली : ३१ हजार. गुणोत्तर १.१. दुप्पट नाही, म्हणून सिग्नल नाही.

पण ती ३१ हजारांची सरासरी आली कुठून? पहिल्या कँडलचा व्हॉल्यूम ९० हजार, दुसऱ्याचा ६०, तिसऱ्याचा ४८. तिथून तो उतरत उतरत विसाव्या कँडलला १६ हजारांवर आला होता. सगळ्यांची बेरीज ६१३ हजार आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा पहिल्या तीन कँडलचा. म्हणजे फिल्टर दहा-अकराच्या सुमाराची उलाढाल उघडण्याच्या धुमश्चक्रीशी ताडून पाहत होता. गेल्या २० दिवसांत नेमक्या याच पाच मिनिटांत किती व्हॉल्यूम झाला ते पाहिलं, तर मधला आकडा १६ हजार निघतो. त्या मापाने ३४ हजार म्हणजे २.१ पट. नेहमीच्या दुप्पट रेंज आणि दुपटीहून जास्त व्हॉल्यूम, अशी दिवसातली पहिली दखल घेण्याजोगी घटना ही होती.

बोलिंजर बँडनेही तेच केलं. त्याच्या खिडकीत सकाळचे मोठे हेलकावे होते, प्रमाण विचलन १.३ होतं, त्यामुळे वरची रेषा ५०९.६ वर. भाव तिच्या आतच राहिला. तिसाव्या कँडलपर्यंत तो ५११.५ वर पोचला होता.

सकाळच्या पहिल्या तासानंतरच्या दीड-दोन तासांत २० कँडलची खिडकी वापरणारं प्रत्येक साधन असं जड झालेलं असतं. या काळात कमी सिग्नल येतात ते बाजार शांत असतो म्हणूनच असं नाही, मोजायची पट्टी लांब झालेली असते.

दुपार

पस्तिसाव्या कँडलपासून साठाव्यापर्यंत काही घडलं नाही, आणि ते नेहमीचंच आहे. रात्रीतून आलेली माहिती भावात मुरलेली असते. मोठ्या ऑर्डरी राबवणारे संस्थात्मक ट्रेडर आपला माल उलाढाल जास्त असते त्या वेळांसाठी राखून ठेवतात, कारण पातळ बाजारात त्यांच्याच ऑर्डरमुळे भाव त्यांच्याविरुद्ध हलतो. ज्यांना वेळ निवडता येते ते सगळे एकाच वेळी गर्दी करतात, कारण गर्दीतच व्यवहार स्वस्त पडतो, आणि त्या गर्दीमुळे ती वेळ आणखी गर्दीची होते. हे स्पष्टीकरण अर्थशास्त्रज्ञ अनत अद्मती आणि पॉल फ्लायडरर यांनी १९८८ मध्ये मांडलं. दिवसाच्या दोन टोकांना उंच आणि मध्ये खोल असा हा इंग्रजी यू अक्षरासारखा आकार न्यूयॉर्कच्या बाजारातल्या मिनिटामिनिटाच्या आकड्यांत १९८५ मध्येच दाखवला गेला होता.

दुपारी आरएसआय एक वेगळाच घोटाळा करतो. तो वाढ आणि घट यांचं गुणोत्तर असल्यामुळे त्याला हालचालीचा आकार कळत नाही. ०.५ च्या पावलांनी चढलेला भाव आणि ०.०५ च्या पावलांनी चढलेला भाव, दोन्हींचा आरएसआय सारखाच ७२ येऊ शकतो. दुपारच्या त्या ७२ वर विकून भाव खरोखर खाली आलाही, तरी येऊन येऊन ०.३ ने येतो. खरेदी आणि विक्रीच्या भावांतलं अंतर ०.१ असेल आणि दलालीसकट इतर खर्च वेगळा, तर बरोबर ठरलेल्या सिग्नलमधूनही हाती काही लागत नाही.

आणि बोलिंजरचा स्क्वीझ. आता खिडकीत निव्वळ दुपार उरलेली असते. प्रमाण विचलन ०.३५, मध्य ५११.०, बँड ५१०.३ ते ५११.७. पट्टा आवळला गेला की मोठी चाल येते, असं मानणारे पुष्कळ आहेत, आणि ते खोटं नाही. पण असा स्क्वीझ या समभागात बहुतेक रोज दुपारी होतो आणि त्यानंतरची 'मोठी चाल' बहुतेक रोज शेवटच्या तासात येते. कोणत्या दिशेला, हे त्यातून कळत नाही.

सहासष्टावी कँडल

बंद व्हायला ४५ मिनिटं उरली होती. भाव ५१२.० वर बंद झाला, बँडच्या बाहेर. व्हॉल्यूम २७ हजार. मागच्या २० कँडलची सरासरी १३.३ हजार, गुणोत्तर २.०३. दोन्ही अटी पूर्ण झाल्या आणि पद्धतीने खरेदी केली.

या वेळचा नेहमीचा व्हॉल्यूम मात्र २५ हजार आहे. म्हणजे २७ हजार हे १.०८ पट, अगदी रोजच्यासारखं. दुपारी तीनच्या फलाटावरची माणसं मोजून ठेवायची आणि संध्याकाळी साडेसहाची गर्दी पाहून आज काहीतरी विशेष घडलं म्हणायचं, त्यातला हा प्रकार. शेवटच्या तासात उलाढाल वाढायला कारणं ठरलेली असतात. दिवसाच्या दिवसात पोझिशन मिटवणारे बाहेर पडत असतात. निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या फंडांना बंद भावाच्या जवळच्या भावात व्यवहार हवा असतो. ऑप्शनचं हेजिंग करणारे रात्रीपूर्वी आपला समतोल नीट करून घेतात. यांपैकी कुणाचंही त्या समभागाबद्दल त्या दिवशी नवं मत झालेलं नसतं.

बँड तुटण्याचंही तसंच. या समभागात दुपारी एका कँडलची नेहमीची चाल साधारण ०.२५, शेवटच्या तासात ०.५. तीन कँडल एकमेकींशी संबंध नसताना कशाही हलल्या, तरी त्यांची एकत्रित चाल ०.५ गुणिले तीनचं वर्गमूळ, म्हणजे ०.८७ च्या आसपास जाते. दुपारच्या मापाने ओढलेली रेषा फक्त ०.७ दूर आहे. ती ओलांडायला बातमीची गरजच नाही.

इथवरचा दोष सिग्नलचा झाला. खरा फटका पोझिशनच्या आकारातून बसला. एटीआर अजून दुपारच्या आठवणीत होता, ०.६. दीडपट म्हणजे ०.९, म्हणून स्टॉप ५११.१ ला. ९०० भागिले ०.९, म्हणून १००० समभाग. पण शेवटच्या पाऊण तासातली साधी कँडल १.२ ची असते. त्या मापाने स्टॉप १.८ अंतरावर हवा होता आणि समभाग ५००. दिवसाची हालचाल दुप्पट व्हायच्या तोंडावर या पद्धतीने पोझिशनही दुप्पट घेतली, आणि ती सावधगिरीच्या नियमातूनच घेतली. अडुसष्टाव्या कँडलचा नीचांक ५१०.९ आला. एका साध्या कँडलने स्टॉप खाल्ला आणि भाव दिवसअखेर ५१२.३ वर बंद झाला. मोठा स्टॉप असता तर हा व्यवहार वाचला असता हे खरं, पण त्यात अर्थ शोधू नये. वेळेच्या मापाने तो घ्यायचंच कारण नव्हतं.

दुरुस्ती

उपाय एका वाक्याचा आहे : आत्ताच्या कँडलची तुलना मागच्या कँडलशी न करता मागच्या दिवसांतल्या याच वेळेच्या कँडलशी करायची. व्हॉल्यूमसाठी तो पायथन-पांडाजमध्ये असा लिहिता येतो.

```python
df["slot"] = df.index.strftime("%H:%M")
base = df.groupby("slot")["volume"].transform(
    lambda v: v.shift(1).rolling(20).median())
df["rvol"] = df["volume"] / base
```

यातलं `shift(1)` विसरलं तर आजचाच आकडा आजच्या मापात मिसळतो आणि मोठा व्हॉल्यूम स्वतःलाच लहान दाखवतो. सरासरीऐवजी मध्यक घेतला आहे तो निकालाच्या किंवा डेरिव्हेटिव्हच्या मुदतपूर्तीच्या एखाद्या दिवसाने पुढचे २० दिवस बिघडू नयेत म्हणून. वेळेची खूण घड्याळावरून घेतली आहे, कँडल मोजून नाही. कमी उलाढालीच्या समभागात एखाद्या पाच मिनिटांत सौदाच होत नाही, मग कँडल तयार होत नाही आणि मोजणी सरकते.

रेंजसाठीही हेच करून त्या वेळेचं नेहमीचं माप काढायचं आणि स्टॉप त्यावर बसवायचा, मात्र पोझिशन ज्या काळात उघडी राहणार त्या काळचं माप धरून. सहासष्टाव्या कँडलला घेतलेला व्यवहार सत्तराव्यापर्यंत चालणार असेल, तर साठाव्या कँडलचं माप त्याच्या उपयोगाचं नाही. आरएसआयसाठी पहिल्या कँडलचा फरक कालच्या बंद भावापासून न घेता तिच्याच उघडत्या भावापासून घेतला की पुरतं. आपल्या उदाहरणात तो शून्य येतो, वाढ आणि घट दोन्ही ०.२८ राहतात, आरएसआय ५०. गॅपची माहिती त्यामुळे गळून पडते, म्हणून ती वेगळ्या रकान्यात जपावी. ती महत्त्वाची असतेच, फक्त आरएसआयमध्ये तिचं काम नाही.

या नव्या मापाने त्या दिवशी पहिल्या कँडलचा आणि सहासष्टाव्या कँडलचा सिग्नल नाहीसा होतो. एकविसाव्या कँडलला व्हॉल्यूमची अट पूर्ण होते. बँडची होत नाही, कारण बँड अजून जुन्याच खिडकीवर आहे. त्याच्याऐवजी कँडलची चाल त्या वेळच्या नेहमीच्या रेंजच्या दुपटीहून जास्त, अशी अट ठेवली तर १.७ भागिले ०.८ हे गुणोत्तर तीही पूर्ण करतं.

आपली पद्धत घड्याळ वाचते आहे का

हे तपासायला नफ्यातोट्याचा तक्ता पुरत नाही. आधी वर्षभराचे सिग्नल वेळेनुसार मांडून पाहावेत. पहिल्या अर्ध्या तासात आणि शेवटच्या तासात ढीग आणि मध्ये खड्डा दिसला तर शंका घ्यायला जागा आहे, पण तेवढाच पुरावा नव्हे. खऱ्या घटनाही त्या वेळी जास्त घडू शकतात.

अधिक चोख तपासणी म्हणजे दिवसांची सरमिसळ. प्रत्येक वेळेच्या कँडलसाठी कुठल्यातरी वेगळ्याच दिवसाची, पण त्याच वेळेची कँडल उचलायची. दहाव्या जागी दहावीच, सत्तराव्या जागी सत्तरावीच, फक्त दिवस कुठलाही. हालचाल आणि व्हॉल्यूम एकाच कँडलचे बरोबर ठेवायचे आणि भाव त्या बदलांची बेरीज करत नव्याने उभा करायचा. अशा कृत्रिम दिवसात दिवसाचा आकार टिकतो, पण एका कँडलचा पुढच्या कँडलशी संबंध उरत नाही. त्यावर तीच पद्धत चालवायची. जवळजवळ तितकेच सिग्नल, त्याच वेळांना आले, तर ते सिग्नल बाजारात काय घडलं ते सांगत नव्हते, किती वाजले ते सांगत होते. खऱ्या दिवसांवर वेगळे आणि जास्त सिग्नल आले, तर तेवढा फरकच पद्धतीची कमाई.

या सरमिसळीत एक उणीव राहते. अख्खा दिवसच तेजीने किंवा घबराटीने भरलेला असतो, तेव्हा सगळ्या कँडल एकत्र फुगतात. सरमिसळ ते फुगणं मोडून टाकते, त्यामुळे कृत्रिम दिवस थोडे जास्तच मवाळ होतात आणि आपली पद्धत आहे त्याहून हुशार दिसू शकते.

हीच अडचण वेळेच्या मापातही येते. मोठ्या बातमीच्या दिवशी सकाळपासून प्रत्येक कँडलचं गुणोत्तर दीड-दोन येतं, आणि फिल्टर दिवसभर उघडाच राहतो. त्यासाठी आत्तापर्यंतचा एकूण व्हॉल्यूम या वेळेपर्यंतच्या नेहमीच्या एकूण व्हॉल्यूमने भागून दिवसाची पातळी काढावी आणि कँडलचं गुणोत्तर तिने पुन्हा भागावं. आपल्या दिवशी एकविसाव्या कँडलपर्यंत ही पातळी एकाच्या जवळ होती, म्हणून २.१ चा आकडा टिकला. ती १.८ असती तर उरलं असतं १.२, आणि सिग्नल नसता.

दर वेळेला फक्त २० नोंदी असणं हेही कमीच आहे. आजूबाजूची एकेक कँडल धरून त्या ६० केल्या तर माप स्थिर होतं. पण पहिल्या दोन-तीन कँडलना हे लागू करू नये. तिथे शेजारच्या कँडलमध्येच ९० हजार आणि ६० हजारांचं अंतर आहे, आणि शेजाऱ्याची मदत घेतली की पहिली कँडल रोजच असाधारण ठरेल. ज्या दिवशी सत्र अर्धवेळ असतं, त्या दिवशी शेवटच्या तासाचा वेग दुपारच्या घड्याळावर येतो. असे दिवस मापातून काढून टाकावेत, आणि त्या दिवशी उघडण्यापासून किती मिनिटं झाली यापेक्षा बंद व्हायला किती उरली यावरून तुलना करावी.